जपानी ग्राहकाला नकार कसा लिहायचा: एक्स्पोर्टच्या टेबलावर नव्याने बसणाऱ्यांसाठी

कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीतल्या मध्यम वर्कशॉपमध्ये परदेशी ग्राहकाशी पत्रव्यवहार करायला सहसा स्वतंत्र माणूस नसतो. परचेस किंवा डिस्पॅच सांभाळणाऱ्या आणि इंग्रजी बऱ्यापैकी लिहिणाऱ्या मुलाकडे किंवा मुलीकडे एक दिवस ते काम येतं. सुरुवातीची पत्रं सरळ असतात. ड्रॉइंग मिळालं, कोटेशन जोडलं आहे, माल अमुक तारखेला निघाला, एवढंच लिहायचं असतं. खरी परीक्षा होते ती ग्राहकाने आपल्याला न झेपणारं काही मागितल्यावर. त्या दिवशी काय आणि कसं लिहायचं, ते इथे पायरी पायरीने सांगतो. उदाहरण जपानी ग्राहकाचं घेतलं आहे. तिथे हुद्द्याचा मान कडक पाळला जातो आणि तोंडावर नाही म्हणणं टाळलं जातं. आपल्याकडेही तसंच आहे, त्यामुळे आपली पद्धत तिथे चालेल असं वाटतं. ती चालत नाही.

आपल्याकडे थोरामोठ्याला नकार देताना आपण शब्द होकाराचे वापरतो आणि नकार सुरात ठेवतो. कास्टिंगवाल्याला फोन केला की तो म्हणतो, “पाठवतो की साहेब उद्या.” त्या ‘की’वरून आणि तो कितपत घाईत बोलला त्यावरून आपल्याला कळतं, की उद्या संध्याकाळी परत फोन करायचा आहे. दोघांचाही मान राहतो, काम चार दिवसांनी होतं आणि कोणी कोणाला खोटारडा म्हणत नाही. इंग्रजी पत्रात हा सूर जात नाही. तिकडे पोचतं ते फक्त “वुई विल ट्राय अवर बेस्ट फॉर ट्वेंटिएथ जून”, आणि पुरवठादाराकडून आलेलं असं वाक्य तिथे २० जूनचा शब्द म्हणून वाचलं जाण्याची शक्यता मोठी असते. आपला संपर्काचा माणूस ती तारीख त्याच्या सेक्शनच्या प्रमुखाला सांगतो, प्रमुख पुढे उत्पादनाच्या नियोजनात टाकतो आणि त्यावर त्यांच्या ग्राहकालाही तारीख दिली जाते. मग १८ जूनला आपण “थोडा उशीर होतोय” असं कळवलं, की त्या साखळीतल्या प्रत्येकाला आपापल्या वरच्यापुढे माफी मागावी लागते. चार आठवडे आधी आलेला नकार त्यांना परवडतो, दोन दिवस आधी आलेला परवडत नाही.

म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत एकच गोष्ट सांभाळायची आहे: बोलणं कितीही मऊ ठेवा, पण आकडा आणि तारीख पक्की लिहा.

पहिली पायरी: समोर कोण आहे ते सहीवरून ओळखा

उत्तर लिहायला घेण्याआधी आलेल्या पत्राखालची सही नीट वाचा. जपानमध्ये आडनाव आधी आणि नाव नंतर येतं. इंग्रजीत लिहिताना काही जण क्रम तसाच ठेवतात, काही जण पाश्चात्त्य पद्धतीने उलटा करतात. जपान सरकारने २०२० पासून आपल्या कागदपत्रांत रोमन लिपीतही आडनाव आधी लिहायला सुरुवात केली, पण कंपन्यांत दोन्ही पद्धती दिसतात. सहीत एक शब्द सगळा मोठ्या अक्षरांत असेल तर ते आडनाव समजा. तसं नसेल तर त्यांचेच लोक जुन्या पत्रांत त्यांना काय म्हणतात ते पाहा.

संबोधन आडनावाला ‘सान’ जोडून करा. समजा आडनाव तनाका आहे, तर “डिअर तनाका-सान”. बाई असो वा पुरुष, ‘सान’ दोघांनाही चालतं. याचा मोठा फायदा म्हणजे युकीसारख्या नावावरून समोर कोण आहे ते कळत नसलं तरी ‘मिस्टर’ लिहून फजिती होत नाही. जपानी भाषेत लिहिलेल्या पत्रात ‘सान’ऐवजी ‘सामा’ हा वरचा मान लिहितात. तुमचं पत्र इंग्रजीत असेल तर ‘सान’ पुरे. पहिल्या नावाला ‘सान’ जोडू नका आणि स्वतःच्या नावाला तर कधीच जोडू नका. सही करताना “पाटील-सान” लिहिलेलं मी पाहिलं आहे. ते म्हणजे स्वतःच्या सहीत “श्रीमान पाटीलसाहेब” लिहिण्यासारखं झालं.

हुद्दाही बघा, कारण पुढे नकार कोणाला लिहायचा ते त्यावर ठरतं. ढोबळमानाने ‘काचो’ म्हणजे सेक्शनचा प्रमुख आणि ‘बुचो’ म्हणजे त्याच्या वरचा विभागप्रमुख. तुमच्याशी रोज लिहिणारा माणूस बहुधा या दोघांच्याही खालचा, त्या कामाची जबाबदारी सोपवलेला असतो. अनेक पत्रांत काचो सीसीत असतात पण स्वतः काही लिहीत नाहीत. ते बोलत नाहीत म्हणून त्यांना सीसीतून काढू नका. उत्तरात सीसीची सगळी नावं ठेवा आणि पत्रात एकाहून जास्त नावं घ्यायची वेळ आली तर मोठ्या हुद्द्याचं नाव आधी लिहा.

आपल्या सवयीची दोन-तीन वाक्यंही इथेच सोडून द्या. “रिस्पेक्टेड सर” मान म्हणून लिहिलं जातं, पण ज्याचं नाव आपल्याला ठाऊक आहे त्याला नुसतं ‘सर’ म्हणणं तिथे परकं वाटतं. “काइंडली डू द नीडफुल” हा हुकूम वाटतो. ग्राहकाच्या पत्राला नुसतं “नोटेड” असं उत्तर तर अजिबात नको. जपानी भाषेतही ‘कळलं’ यासाठी बरोबरीच्याला म्हणायचा शब्द वेगळा आणि ग्राहकाला म्हणायचा वेगळा आहे. इंग्रजीत एवढं लिहा: पत्र मिळालं, आभार, अमुक मुद्दा समजला, उत्तर अमुक तारखेला देतो.

दुसरी पायरी: आपल्या साहेबांचा मान पत्रात कमी करा

ही पायरी आपल्या माणसाला सर्वांत जड जाते. आपण बाहेरच्याशी बोलतानाही “आमचे पाटीलसाहेब म्हणाले” असंच म्हणतो. साहेब समोर असोत वा नसोत, ऐकणारा घरचा असो वा परका, त्यांचा मान बदलत नाही. जपानी व्यवहारात मान ऐकणाऱ्यावर अवलंबून असतो. कंपनीच्या आत जो माणूस आपल्या बुचोपुढे वाकून बोलतो, तोच बाहेरच्या ग्राहकाशी बोलताना त्याच बुचोचा उल्लेख नुसत्या आडनावाने करतो, मागे ‘सान’ लावत नाही. ग्राहकापुढे आपली सगळी कंपनी एका बाजूला, खालच्या पायरीवर उभी असते. मालकही त्यातच आले.

म्हणून “अवर रिस्पेक्टेड मॅनेजिंग डायरेक्टर पाटील सर हॅज काइंडली अॅग्रीड” असं लिहू नका. आपल्या साहेबांनी कृपा करून मान्य केलं, असा त्याचा अर्थ होतो आणि ग्राहक खाली बसतो. “अवर डायरेक्टर, पाटील, हॅज कन्फर्म्ड” इतकं पुरे. मसुदा साहेबांना दाखवताना त्यांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर आपलं नाव बोडकं का लिहिलं असं त्यांना वाटेल. वाटणं साहजिक आहे.

कोरियन ग्राहक असेल तर मात्र हा नियम लावू नका. हुद्दे तिथेही तसेच आहेत. बुचोला ‘बुजांग’ आणि काचोला ‘ग्वाजांग’ म्हणतात, आणि हुद्द्यामागे ‘निम’ हा आदराचा प्रत्यय लागतो. पण कोरियन माणूस बाहेरच्यापुढेही आपल्या वरिष्ठाचा मान सहसा राखतो, आपण राखतो तसाच. जपान आणि कोरिया या दोघांना एकच साचा लावणारे पुष्कळ भेटतात. पत्राची जुनी फाइल कॉपी करण्याआधी ती कोणत्या देशाला गेली होती ते बघा.

तिसरी पायरी: नकार लिहिण्याआधी शॉपवर जा

नकाराचं पत्र टेबलावर बसून लिहिता येत नाही. एक प्रसंग घेऊ. नेहमीच्या भागाची १,२०० नगांची ऑर्डर आहे आणि ठरलेली मुदत ६ आठवडे आहे. तनाका-सान लिहितात, की त्यांच्याकडे मागणी वाढली आहे, माल ४ आठवड्यांत तयार होईल का? भाषा अतिशय नम्र आहे, “तुम्हाला त्रास होणार याची जाणीव आहे” असंही लिहिलं आहे, आणि सीसीत या वेळी प्रथमच त्यांच्या बुचोंचं नाव आहे. वरच्याचं नाव सीसीत येणं हा त्या पत्राचा अर्धा मजकूर समजा. प्रकरण त्यांच्याकडे वरपर्यंत गेलेलं आहे.

त्याच दिवशी दोन ओळींची पोच द्या. पत्र मिळालं, प्रॉडक्शनशी बोलून गुरुवारी दुपारपर्यंत कळवतो. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. आपले दुपारचे २ म्हणजे तिथले संध्याकाळचे ५.३०. आपण जेवण उरकून ३ वाजता पाठवलेलं पत्र बहुधा दुसऱ्या दिवशी सकाळी वाचलं जाईल, तेव्हा गुरुवार म्हटलं की गुरुवारी दुपारी १च्या आत पाठवा आणि कुठली वेळ ते पत्रातही लिहा.

आता सुपरवायझरकडे जाऊन “४ आठवड्यांत जमेल का?” असं विचारू नका. “करू की” असं उत्तर येईल आणि त्या उत्तरावर पत्र लिहिलं तर फसाल. “किती नग, कुठल्या तारखेला?” असं विचारा आणि टप्पे मोजा. कास्टिंग यायला ३ आठवडे, मशीनिंगला २, तपासणी आणि पॅकिंगला १. म्हणजे ६ आठवड्यांत कुठेही मोकळा वेळ नाही. पण स्टोअरमध्ये ४०० कास्टिंग आधीच पडून आहेत. तेवढ्यांचं मशीनिंग लगेच सुरू करून ४ आठवड्यांच्या आत ४०० नग तयार होतात. उरलेले ८०० मात्र ठरल्याप्रमाणे सहाव्या आठवड्यातच निघतील. हे आकडे साहेबांकडून मान्य करून घ्या. पत्रात गेलेला आकडा मागे घेता येत नाही.

चौथी पायरी: पत्राची बांधणी

जपानी व्यावसायिक पत्रात नकाराचा एक रूढ क्रम आहे. आधी आभार, मग दिलगिरी, मग कारण, मग नकार, मग पर्याय, आणि शेवटी संबंध पुढे राहावेत अशी विनंती. नकाराच्या तोंडी एक मऊ वाक्य ठेवतात, “आपण आवर्जून विचारलंत, तरीही” अशा धाटणीचं. त्यांना तिथे गादीचे शब्दच म्हणतात. आपण इंग्रजीत लिहीत असलो तरी क्रम साधारण हाच ठेवा, फक्त नकाराचं वाक्य दिलगिरी आणि कारणाच्या आधी आणा. वाक्यं छोटी ठेवा, कारण इंग्रजी त्यांचीही मातृभाषा नाही आणि पत्राचं जपानी भाषांतर होऊन ते वर जाण्याची शक्यता असते.

आपला नवशिका पहिला मसुदा बहुतेक असा लिहितो: “आदरणीय सर, आपल्या पत्राबद्दल धन्यवाद. सध्या लोड खूप आहे आणि कास्टिंगचा प्रॉब्लेम चालू आहे. तरी आम्ही ४ आठवड्यांत देण्याचा पूर्ण प्रयत्न करू. कृपया सहकार्य करावे.” यात नम्रता आहे, पण नकार आहे की होकार ते कळत नाही. ‘लोड खूप आहे’ याचा अर्थ दुसऱ्या ग्राहकाचं काम आम्ही आधी करतोय असा होतो. ‘प्रॉब्लेम’ म्हटलं की गुणवत्तेचा प्रॉब्लेम आहे का अशी वेगळीच विचारणा येते. आणि ‘पूर्ण प्रयत्न करू’ याचं काय होतं ते वर सांगितलंच आहे.

तेच पत्र पुन्हा लिहू. इंग्रजीत न्यायचा मजकूर मराठीत असा:

“तनाका-सान, आपल्या सोमवारच्या पत्राबद्दल आणि वाढीव मागणीची माहिती लगेच दिल्याबद्दल आभारी आहोत.

आपण आवर्जून विनंती केलीत, तरीही १,२०० नग ४ आठवड्यांत देणं आम्हाला शक्य होणार नाही. याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. कास्टिंग येण्यास ३ आठवडे लागतात आणि त्यानंतरच्या मशीनिंग व तपासणीची वेळ कमी केल्यास गुणवत्तेची खात्री देता येत नाही.

आम्ही पुढीलप्रमाणे देऊ शकतो. ४०० नग: २० जूनला कारखान्यातून निघतील. ८०० नग: ४ जुलैला कारखान्यातून निघतील. आमचे डायरेक्टर पाटील यांनी या दोन्ही तारखांना मान्यता दिली आहे.

पहिले ४०० नग विमानाने हवे असल्यास कृपया शुक्रवार, ३० मेपर्यंत कळवावे, म्हणजे तशी पॅकिंगची तयारी ठेवू. आपली अडचण पूर्ण सोडवू शकलो नाही याची जाणीव आहे. पुढेही आपला स्नेह राहावा ही विनंती.”

नकाराचं वाक्य दुसऱ्या परिच्छेदात, एकदाच आणि स्पष्ट आलं आहे. त्याच्या आधी गादी आहे, नंतर लगेच कारण आहे. कारण आपल्या आतलं, मोजता येणारं आहे आणि ते ग्राहकाच्या हिताशी, म्हणजे गुणवत्तेशी जोडलेलं आहे. दिलगिरी एकदाच पुरे. चार वेळा माफी मागितली की वाचणारा घाबरतो, याहून मोठं काही लपवलंय का असं त्याला वाटतं. ‘निघतील’ असं लिहिलं आहे, ‘मिळतील’ असं नाही, कारण कारखान्याच्या गेटपुढचा प्रवास, न्हावा शेवाला जहाज मिळणं, हे आपल्या हातात नाही. आणि हे पत्र तनाका-सानना आहे, बुचोंना नाही. बुचो सीसीत दिसले म्हणून थेट त्यांना लिहिणं म्हणजे तनाका-सानना बाजूला सारणं. तुमचा पर्याय ते स्वतः घेऊन वर जातील, म्हणून आकडे असे मांडा की त्यांना ते तसेच उचलून पुढे ठेवता येतील.

पत्र पाठवण्याआधी एक चाचणी करा. मसुद्यातली सगळी आभाराची आणि दिलगिरीची वाक्यं हाताने झाकून उरलेलं वाचा. काय होणार नाही, काय होईल आणि कधी होईल, हे तिन्ही त्यात सापडलं पाहिजे. नंतर उलट करा. आकड्यांची वाक्यं झाका. उरलेल्यात वाचणाऱ्याचा मान राहतोय का बघा.

पाचवी पायरी: त्यांच्याकडून येणारा नकार ओळखा

आता दुसरी बाजू. तुम्ही भाववाढ मागितली किंवा नवीन भागाचं कोटेशन दिलं, आणि उत्तर आलं: “आम्ही विचार करू.” जपानीत याला ‘केन्तो शिमासु’ म्हणतात. ते खरंही असू शकतं आणि सभ्य नकारही असू शकतो. फरक शब्दांत शोधू नका, सोबत काय आलंय ते बघा. तारीख आली असेल, नमुना मागितला असेल, तपासणीच्या पद्धतीबद्दल बारीक प्रश्न आले असतील, तर काम पुढे सरकतंय. तारीख नाही, प्रश्न नाही, आणि “अंतर्गत परिस्थिती थोडी अवघड आहे” असं वाक्य आहे, तर तो नकार समजून पुढची तजवीज करा. “अवघड आहे” हे आपल्याकडे घासाघीस सुरू करण्याचं आमंत्रण असतं. मार्केट यार्डात हळदीच्या सौद्याला अवघड आहे म्हटलं तरी बोलणी चालूच राहतात. तनाका-सान अवघड म्हणाले, तर बहुतेक वेळा विषय संपलेला असतो. “या वेळी थांबतो” अशा अर्थाचं वाक्य आलं तर तो उघड नकार आहे, त्यात वाचण्यासारखं आणखी काही नाही.

उशीर म्हणजे मात्र नेहमी नकार नसतो. बऱ्याच जपानी कंपन्यांत निर्णयाचा कागद खालून वर एकेका टेबलावरून मंजुरी घेत जातो, त्याला ‘रिंगी’ म्हणतात, आणि तो फिरण्याआधीच सगळ्यांशी खासगीत बोलून घेतलेलं असतं. त्याला वेळ लागतो. एप्रिलअखेर ते मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत आणि ऑगस्टच्या मध्यावर तिथे मोठ्या सुट्ट्या असतात, तेव्हा उत्तर आलं नाही म्हणून अस्वस्थ होऊ नका. साधारण आठवड्याने एक आठवण पाठवा, आणि ती “उत्तर का आलं नाही” अशी न विचारता “आमच्याकडून आणखी काही माहिती हवी असल्यास कळवावं” अशी लिहा. दुसऱ्या आठवणीलाही तारखेविना उत्तर आलं तर तिसरी पाठवू नका आणि वरच्या माणसाला तर मुळीच लिहू नका. नकार तोंडाने द्यायला लावणं तिथे फार लागतं, आणि पुढच्या ऑर्डरला त्याच माणसाशी गाठ असते.

तोच माणूस राहील असंही नाही. जपानमध्ये आर्थिक वर्ष आपल्यासारखंच १ एप्रिलला सुरू होतं आणि बदल्याही त्याच सुमारास होतात. मार्चअखेर “माझ्या जागी अमुक येत आहेत” असं पत्र आलं तर त्याला दोन उत्तरं द्या: जाणाऱ्याला इतके दिवसांच्या सहकार्याबद्दल आभाराचं, आणि येणाऱ्याला स्वतःची ओळख करून देणारं. नव्या माणसाला जुनी बोलणी माहीत आहेत असं धरू नका. ४०० आणि ८०० अशा दोन तुकड्या का ठरल्या, विमानाचा खर्च कोणी द्यायचा ठरलं, हे त्या ओळखीच्या पत्राखाली तारखांसह लिहून द्या. ज्या पत्रांत ते ठरलं ती पत्रंही सोबत जोडा.